उभ्या उसाची किंमत कोणी मोजायची?

कंपनीच्या ताळेबंदात यंत्रसामग्री असते, इमारत असते, बँकेतली शिल्लक असते. या सगळ्या गोष्टींचा एक मोठा गुण असा की त्या ३१ मार्चच्या रात्री जशा असतात तशाच १ एप्रिलच्या सकाळीही असतात. लेथ मशीन रात्रीतून वाढत नाही, टेबलाला हुमणी लागत नाही, आणि गोदामातले सिमेंटचे पोते मध्यरात्री विऊन सकाळी दोन पोती झाली असे कधी घडत नाही. शेती करणाऱ्या कंपनीचे तसे नाही. तिची निम्मी मालमत्ता जमिनीत मुळे रोवून उभी असते आणि उरलेली गोठ्यात रवंथ करीत बसलेली असते. ती वाढते, वाळते, आजारी पडते, मरते, व्यायते. हिशेबतपासनिसाला मात्र एका ठरावीक तारखेला तिचा एक आकडा लिहावा लागतो, आणि त्याच्याखाली सही करावी लागते.

हा विषय रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचण्याजोगा आहे का, असे कोणी विचारील. माझ्या मते आहे, कारण या आकड्यावर आपल्यासारख्या घरांतले पैसे लागलेले असतात. १९९० च्या दशकात सागवानाची रोपे दाखवून मध्यमवर्गीयांकडून ठेवी गोळा करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. चेन्नईच्या अनुभव प्लँटेशन्सचे दिवाळे १९९८ च्या सुमारास वाजले, आणि १९९९ साली सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. आपल्याकडे २०१९ साली सांगली जिल्ह्यातून कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेचा बभ्रा झाला. झाड असो की कोंबडी, कागदावरची गोष्ट तीच. आज एवढे जीव आहेत, उद्या इतके होतील, आणि त्यांची किंमत इतकी येईल. जीव किती, ते खरेच आहेत का, आणि किंमत कोण देणार, हे तीन प्रश्न मधल्या मध्ये कोणी विचारले नाहीत.

मी बँकेत असताना बरीच वर्षे नगर जिल्ह्यात, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, शेतीकर्जांचे काम पाहिले. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो. दोन्ही धंद्यांचा एक समान उपयोग झाला. रचलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांतला फरक मला वासावरून कळू लागला. रचलेला आकडा बहुधा गोल असतो. ‘शंभर एकर, एकरी साठ टन’ असे कोणी म्हणाले की समजावे, हा माणूस बांधावर गेलेला नाही.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न आजचा नाही. हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडी-लक्ष्मीवाडीची गोदावरी शुगर मिल्स यांच्याकडे प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर हजारो एकर उसाचे मळे होते. शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनीही त्यांत होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी कारखान्यांकडून निघाल्या आणि १९६३ साली त्या सांभाळण्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. २०१२ नंतर खंडकऱ्यांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मधल्या अर्धशतकात दरवर्षी ३१ मार्चला या सरकारी कंपनीच्या ताळेबंदात उभे पीक एका आकड्याने मांडले जाई, आणि सरकारी कंपनी म्हटल्यावर नेमलेल्या लेखापरीक्षकाच्या डोक्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचीही नजर असे. एका मालकाचा इतका मोठा उभा ऊस महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. शेती करणाऱ्या कंपनीचा हिशेब तपासायचा म्हणजे काय करायचे, हे समजून घ्यायला म्हणूनच ऊस आणि हाच मुलूख बरा.

आता ३१ मार्चला शेतात काय असते ते पाहा. गाळप हंगाम संपत आलेला असतो. मागच्या जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस आठ-नऊ महिन्यांचा होऊन डोक्यावर गेलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पूर्वहंगामी छातीएवढा असतो. जानेवारीतला सुरू ऊस अजून सरीत लपलेला, आणि ज्यांची तोड झाली त्यांचा खोडवा नुकता फुटलेला. यांतला एकही ऊस आज विकता येत नाही. विकण्याजोगा होईपर्यंत आडसालीलाही अजून सात-आठ महिने काढायचे, आणि त्यांत एप्रिल-मेचा उन्हाळा पडतो. भंडारदऱ्याचे आणि मुळा धरणाचे आवर्तन किती दिवसांनी मिळेल त्यावर उसाचे वजन ठरते. लेखापरीक्षक मात्र बहुधा जुलै-ऑगस्टात उगवतो. तोवर मार्चमध्ये वीतभर असलेला खोडवा पुरुषभर वाढलेला असतो. मार्चअखेरीस तिथे काय होते, हे त्याला मागे जाऊन शोधावे लागते. म्हणून मोजणीला ३१ मार्चच्या आसपासच जावे, हा पहिला नियम. तो कितीतरी वेळा मोडला जातो, कारण त्या दिवसांत शहरातल्या लेखापरीक्षकांना बँकांच्या शाखा तपासायच्या असतात.

उशीर झालाच तर कागद मदतीला येतात, पण कोणते कागद, हे कळायला हवे. कंपनीने स्वतः छापलेले पीकपत्रक हा पुरावा नव्हे, ते तिचे म्हणणे झाले. पुरावा बाहेरचा हवा. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडे ऊसनोंद असते. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात हे सगळे तिथे लिहिलेले असते. लेखापरीक्षकाने ती नोंद कंपनीमार्फत न मागवता थेट कारखान्याकडून मागवावी. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीचा पूर्वी फारसा भरवसा नसे, कारण तलाठी चावडीत बसून पिके लिही. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतातून फोटो काढून पीक नोंदवावे लागते, त्यामुळे थोडा फरक पडला आहे. बेण्याची बिलेही बोलतात. एकरी दहा-बारा हजार दोन डोळ्यांची टिपरी लागतात. शंभर एकर नवी लागण दाखवली आणि बेणे साठ एकरांचेच आले असेल, तर चाळीस एकर कशाने लावले, हे विचारायला लेखापरीक्षकाला शेतकीची पदवी लागत नाही.

तरीही शेतात जावेच लागते. त्या जाण्याची एक गंमत मी जवळून पाहिली आहे. एका शेती कंपनीला आमच्या बँकेचे कर्ज होते, म्हणून तिच्या लेखापरीक्षणाच्या वेळी मीही गेलो होतो. तरुण सीए, इस्त्रीचा शर्ट, पायांत चकचकीत बूट. कंपनीच्या जीपने कालव्याच्या कडेने फिरवले, दोन्ही बाजूंना काळाभोर ऊस. तो खूश झाला. परतताना पाट सोडायला बसलेल्या म्हाताऱ्या पाणकऱ्याला त्याने सहज विचारले, ‘‘मामा, ऊस झकास आहे ना?’’ म्हातारा बिडी विझवून म्हणाला, ‘‘सायेब, रस्त्याकडचा ऊस दाखवायचा आसतो, आतला तोडायचा आसतो.’’

हिशेबतपासणीच्या पुस्तकात नमुना निवडीवर पानेच्या पाने असतात. त्या वाक्यात ती सगळी आली. कडेच्या ओळींना ऊन आणि वारा जास्त मिळतो, पाण्याला त्या जवळ असतात, खतही तिथे हात सैल सोडून पडते. आत शिरले की नांग्या पडलेल्या दिसतात, चोपण जमिनीचे पिवळे पट्टे दिसतात, हुमणीने मुळे खाल्लेली बेटे हाताने उपटून येतात. म्हणून जागा कंपनीने दाखवू नये, आणि तपासणाऱ्यानेही डोळ्यांना आवडली म्हणून निवडू नये. प्लॉटांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. प्लॉट निघाला की कोपऱ्यापासून किती सऱ्या ओलांडायच्या आणि सरीत किती पावले आत जायचे, हेही चिठ्ठीनेच ठरवावे. मग पाय जिथे थांबतील तिथे मोजायचे, तिथे खड्डा असला तरी.

या गोष्टीला मराठी माणसाचा एक मोठा हातभार आहे, आणि तो आपल्याला फारसा माहीत नसतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत देशात रुजवली. त्याआधी पिकाचा अंदाज आणेवारीने होई. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, त्यातले यंदा किती आणे आले हे गावच्या अंमलदाराने नजरेने सांगायचे. सुखात्म्यांनी दाखवून दिले की नजर तर फसवतेच, पण चुकीच्या आकाराचा तुकडा कापला तर मोजमापही फसवते. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड लांब. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात ते आत ओढतो. अशाने लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. त्यावर त्या काळी महालनोबिसांसारख्या दिग्गजाशी त्यांचा वाद झडला होता. सुखात्मे पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. उसाच्या शेतात उभे राहून दोरी धरणाऱ्या प्रत्येक लेखापरीक्षकाने हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता एक हिशेब करूच. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण रीत खरी आहे. श्रीरामपूर-राहाता भागातली एक शेती कंपनी म्हणते, आमच्याकडे शंभर एकर आडसाली ऊस आहे, एकरी साठ टन निघेल, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला अठ्ठावीसशे रुपये हातात पडतील. म्हणजे १ कोटी ६८ लाख रुपयांचे पीक. ताळेबंदात तोच आकडा.

पहिल्यांदा क्षेत्र. सातबाऱ्यावर शंभर एकर असले तरी त्यात चाऱ्या, बांध, गाडीवाट, विहिरीभोवतीची जागा आणि एक चोपण पट्टा येतो. फिरून मोजल्यावर ऊस भरतो चौऱ्याण्णव एकर. सहा एकर कोणी चोरलेले नसतात, फक्त त्यांवर ऊस नसतो.

मग उतारा. सरी चार फुटांची आहे. एकरात ४३,५६० चौरस फूट, त्याला चाराने भागले की एका एकरात १०,८९० फूट लांबीची सरी येते. दहा-दहा फुटांचे तुकडे धरले तर १,०८९ तुकडे. चिठ्ठीने निघालेल्या वीस ठिकाणी दहा फुटांची दोरी लावून गाळपाजोगे ऊस मोजले. कुठे बावीस भरले, कुठे एक्कावन्न. सरासरी आली अडतीस. म्हणजे एकरी साधारण ४१ हजार ऊस. एका उसाचे वजन तोडणीच्या वेळी किती असेल? ते आज मोजून उपयोग नाही, ऊस अजून वाढायचा आहे. त्यासाठी याच मळ्याच्या मागल्या तीन वर्षांच्या आडसालीचे कारखान्याच्या काट्यावरचे वजन आणि तेव्हाची उसांची संख्या काढली. एका उसाला सरासरी १.१ किलो भरले. गुणाकार केला की एकरी साडेपंचेचाळीस टन. उन्हाळ्यात मरणाऱ्या फुटव्यांसाठी थोडे सोडून पंचेचाळीस धरू.

कंपनीचे साठ टन कुठून आले, तेही कळते. रस्त्याकडच्या एक्कावन्न उसांच्या तुकड्यावरून हिशेब केला तर बरोबर एकसष्ट टन येतात. कंपनीचा शेतकी अधिकारी खोटे बोलत नव्हता. तो फक्त जीपमधून उतरला नव्हता.

चौऱ्याण्णव एकर, पंचेचाळीस टन, अठ्ठावीसशे रुपये. झाले १ कोटी १८ लाख ४४ हजार. पण ही किंमत नोव्हेंबरच्या उसाची आहे, मार्चच्या नव्हे. तोवर पाणीपट्टी, खते, औषधे, मजुरी हे सगळे करायचेच आहे. ते एकरी पंधरा हजार धरले तर १४ लाख १० हजार वजा. शिवाय ऊस ज्या जमिनीवर आणखी आठ महिने उभा राहणार तिचे भाडे, मग जमीन कंपनीची स्वतःची का असेना. कारण उद्या कोणी नुसता उभा ऊस विकत घेतला, तर त्याला ती जागा फुकट मिळणार नाही. एकरी बारा हजारांप्रमाणे ते ११ लाख २८ हजार. उरले ९३ लाख ६ हजार. पैसा आठ महिन्यांनी येणार आणि मधे अवर्षण, हुमणी, आग, काहीही होऊ शकते, म्हणून त्यातून सुमारे दहा टक्क्यांच्या हिशेबाने घट. शेवटी राहतात ८४-८५ लाख. कंपनीच्या आकड्याच्या जेमतेम निम्मे.

कंपनीचा आजवरचा खर्च एकरी पंचावन्न हजार, म्हणजे ५१ लाख ७० हजार झालेला आहे. त्यामुळे ८४ लाखांवरही जवळजवळ ३३ लाखांचा नफा दिसतो. हा नफा कोणाच्या खिशात आलेला नाही, तो शेतात उभा आहे. आणि तो किती नाजूक आहे पाहा. उताऱ्याचा अंदाज फक्त दहा टक्क्यांनी, म्हणजे साडेचार टनांनी चुकला, तर किंमत सुमारे पावणेअकरा लाखांनी हलते. ३३ लाखांच्या नफ्यातला एक-तृतीयांश गेला. खर्च ठरलेला असतो आणि उतारा ठरलेला नसतो, म्हणून उताऱ्यातली छोटी चूक नफ्यात तिप्पट-चौपट होऊन उतरते. वीस जागी दोरी लावून पीक दहा टक्क्यांच्या आत सांगता येते, असे छातीठोक म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

तरी नियम सांगतो की असे मूल्य मांडा. आंतरराष्ट्रीय लेखामानक क्रमांक ४१ डिसेंबर २००० मध्ये आले आणि त्याचे भारतीय रूप २०१५ साली अधिसूचित होऊन २०१६-१७ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाले. वाढता जीव हा त्या दिवशीच्या वाजवी बाजारमूल्याने, विक्रीखर्च वजा करून दाखवायचा, आणि मूल्यातला फरक त्या वर्षीच्या नफा-तोट्यात घ्यायचा, हा त्याचा गाभा. जिथे वाढ अजून नगण्य आहे, उदाहरणार्थ आमचा जानेवारीतला सुरू ऊस, तिथे झालेला खर्च हीच किंमत धरायला मुभा आहे. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि वर्षानुवर्षे फळ देणारे झाड, म्हणजे चहाचे झुडूप किंवा डाळिंबाचे झाड, या नियमातून काढून कारखान्याच्या यंत्राच्या रांगेत बसवले गेले. झाडावरचे फळ मात्र अजून या नियमातच आहे. उसाच्या बाबतीत तर बऱ्याच कंपन्या जमिनीखालचे खोड मालमत्तेत आणि वरचा ऊस पिकात धरतात. एका बेटाचे असे दोन तुकडे करणे आमच्या पाणकऱ्याला सांगितले असते तर त्याने दुसरी बिडी पेटवली असती. आपल्याकडच्या बहुतेक लहान कंपन्या आणि २००२ च्या कायद्याने आलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या या मानकात येत नाहीत. त्या जुन्या रिवाजाने पीक बहुधा खर्चाच्या किमतीला धरतात.

माझे मत विचाराल तर मला हा जुना रिवाज अर्धवट का होईना, जास्त प्रामाणिक वाटतो. निदान झालेला खर्च पावतीवर दिसतो. पण नव्या मानकाच्या बाजूनेही एक सबळ मुद्दा आहे. चांगला वाढलेला ऊस आणि वाळलेला ऊस यांचा खर्च सारखाच असू शकतो, आणि खर्चाच्या किमतीने दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा बाजारमूल्य मांडावे, मात्र दोन अटींवर. एक, या न हातात आलेल्या नफ्यातून लाभांश वाटू नये आणि संचालकांचा बोनस ठरवू नये. दोन, ताळेबंदाच्या टिपांमध्ये मागल्या तीन वर्षांचा अंदाज आणि प्रत्यक्ष काट्यावरचे वजन शेजारी शेजारी छापावे. सागवानाला वीस वर्षे थांबावे लागते, उसाला नाही. तो त्याच वर्षी कारखान्याच्या काट्यावरून जातो आणि पावती मिळते. अंदाज दरवर्षी दहा टक्के जास्तच निघत असेल, तर त्याला अंदाज म्हणू नये, सवय म्हणावे. लेखापरीक्षकाने हे ताडून पाहावे असे त्याच्या मानकांतही अपेक्षित आहे. ते भागधारकाला दाखवावे, एवढेच माझे मागणे.

काटा नसेल तर काय होते, याचे उदाहरण समुद्रात घडले. चीनमधल्या झांगझिदाओ नावाच्या कंपनीने समुद्रतळाशी सोडलेले शिंपले २०१४ साली थंड प्रवाहामुळे नाहीसे झाल्याचे जाहीर केले. २०१८ साली ते उपाशी मेल्याचे सांगितले. समुद्राच्या तळाशी दोरी लावायला कोण जाणार? शेवटी तिथल्या बाजारनियंत्रकांनी कंपनीच्या बोटींच्या उपग्रहीय नोंदी काढल्या. कुठल्या बोटीने कुठल्या दिवशी खरोखर कुठे जाळे ओढले ते नकाशावर मांडले, कंपनीच्या वहीशी ते जुळेना, आणि २०२० साली दंड झाला. शिंपले मोजता आले नाहीत, पण शिंपले काढणाऱ्या बोटी मोजता आल्या. आपल्याकडेही उपग्रहाची चित्रे वापरू लागले आहेत. त्यांनी क्षेत्राची लबाडी पकडता येते. वजनाची नाही, कारण वरून हिरवेपणा दिसतो, उसाची जाडी दिसत नाही.

जनावरांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे उताऱ्यापेक्षा मोजणीचाच घोळ मोठा. गाय चालते. सकाळी एका गोठ्यात मोजलेली गाय दुपारी दुसऱ्या गोठ्यात मोजली जाऊ शकते. म्हणून सगळ्या गोठ्यांची मोजणी एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांनी, आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक लिहून करावी. बिल्ला नसलेली गाय वेगळ्या यादीत. मग यादी कंपनीच्या वहीशी दोन्ही बाजूंनी ताडावी. वहीतली गाय गोठ्यात आहे का, आणि गोठ्यातली गाय वहीत आहे का. दुसरी बाजू लोक विसरतात.

जनावर खोटे बोलत नाही, हाही मोठा आधार आहे. दोनशे दुभत्या गाई दाखवल्या तर त्यांना रोज सुमारे सहा टन हिरवा चारा लागतो. तो कुठल्या शेतातून आला, की विकत घेतला? दूध संस्थेच्या पावत्यांवरचे लिटर भागिले गाई, हा भागाकार संकरित गाईला शोभेल असा आहे का? वय दातांवरून कळते, कितवे वेत ते नोंदीवरून आणि शिंगांवरच्या वळ्यांवरून. गाभण असल्याचे पशुवैद्याने तपासून सांगावे, गोठ्यातल्या व्यवस्थापकाने नव्हे. गाभण गाय आणि भाकड गाय दिसायला सारखीच, किमतीत मात्र मोठा फरक.

आणि किंमत? लोणीचा, काष्टीचा, घोडेगावचा बाजार जवळ आहे, तिथे तशाच गाईला काय भाव मिळाला ते विचारून येता येते. उसापेक्षा हे सोपे. पण सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यातले जनावरांचे बाजारच बंद झाले. बाजारच नाही तर बाजारभाव कुठला? त्या वर्षी ज्यांना मधला ताळेबंद करायचा होता त्यांना गाईच्या पुढच्या दुधाचा हिशेब करून, त्यातून चारा-औषध वजा करून किंमत काढावी लागली. वेताची आठवण नसलेल्या गाईंची ती किंमत काय निघाली असेल, ते मी सांगत नाही.

एक बाब मात्र कुठल्याच बाजारात विचारावी लागत नाही. २०१५ च्या कायद्यानंतर संकरित गाईच्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक राहिलेले नाही. नांगराला तो चालत नाही, विकता येत नाही, आणि वाढवायचा तर रोज चारा खातो. कित्येक गोठ्यांच्या वहीत ‘वासरे’ या एकाच ओळीत कालवड आणि गोऱ्हा एका भावाने लिहिलेले मी पाहिले आहेत. मी तपासायला गेलो की पहिल्यांदा ती ओळ दोन ओळींत फोडायला सांगत असे. कालवडी वरच्या ओळीत बाजारभावाने, आणि गोऱ्ह्यांसमोर संख्या लिहून किमतीच्या रकान्यात शून्य.